लहान ए आणि त्यापुढचा स्वल्पविराम

गेल्या चवथीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. पणजीला पाटोवर आमचे कार्यालय आहे, आणि सुटीचे परिपत्रक काढण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. कार्यालय कोणत्या दिवशी बंद राहील, कोणत्या दिवशी अर्धा दिवस चालेल आणि तातडीचे काम निघाल्यास कोणाला फोन करायचा, एवढाच चार ओळींचा मजकूर बेचाळीस जणांना पाठवायचा होता. मी वर `Dear all,` असे लिहिले, खाली मजकूर टंकला, एकदा वाचून पाहिला आणि पाठवून दिला. मग संगणकाशेजारच्या कागदावर गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी करू लागले. नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन इथपर्यंत आले असेन, तोच एक उत्तर येऊन पडले. ते फक्त मलाच उद्देशून होते. पाठविणारे आमचे अधीक्षक, ज्यांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. मजकूर दोनच वाक्यांचा होता. ‘बाई, ऑलचा ए मोठा हवा होता. आम्ही सगळे काय लहान आहोत?’

मी हसले. शेजारच्या टेबलावरील मुलीला दाखविले, तीही हसली. मात्र संध्याकाळी फोंड्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून, बाणस्तारीच्या पुलावर पावसाने काच धुरकट झालेली पाहत असताना, ते दुसरे वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागले. माझ्याकडे उत्तर तयार होते आणि ते बरोबरही होते. परंतु सरांनी जे विचारले होते ते व्याकरण नव्हते, आणि व्याकरणाने दिलेले उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हते, हे मला मर्दोळच्या थांब्यापर्यंत कळून चुकले होते.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटले आणि ते चार लिप्यांत भेटले. पहिली लिपी मोठी, दुसरी लहान, तिसरी आणि चौथी हाताने वळणदार लिहिण्याची मोठी व लहान. चार रेघी वही असे. मोठा ए खालच्या निळ्या रेघेवर पाय रोवून थेट वरच्या तांबड्या रेघेला डोके लावायचा, आणि लहान ए मधल्या दोन निळ्या रेघांच्या पट्टीत पोट सावरून बसायचा, त्याला वर जायची परवानगी नव्हती. वरच्या रेघेला स्पर्श करणे हा मान आहे, असे आम्हांला कोणी शिकविले नव्हते. तरीही ते मनात उतरलेच, कारण मोठे अक्षर कोणाकोणाला मिळते त्याची जी यादी बाईंनी फळ्यावर लिहून दिली होती तीत माणसांची नावे होती, गावांची होती, नद्यांची होती, देवाचे होते आणि वाराचेही होते. ज्याला नाव आहे तो मोठा. माझ्या शेजारची मुलगी तर आई या शब्दाचे इंग्रजी भाषांतरही सदैव मोठ्या अक्षराने लिहायची आणि दर वेळी अर्धा गुण गमवायची. आईला लहान अक्षराने लिहायचे कसे, असे तिचे म्हणणे होते. सरांचे म्हणणे तिच्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते.

आता नियम काय आहे तो सांगते, कारण तो न सांगता पुढे जाता येणार नाही. इंग्रजी पत्राच्या मायन्यात पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, तो केवळ पहिला आहे म्हणून. त्यानंतर व्यक्तीचे नाव, पदवी किंवा नावाच्या जागी उभे केलेले नाम आले तर त्याला मोठे अक्षर मिळते. `Dear Sir` मधला एस मोठा आहे तो याच कारणाने, तेथे ‘सर’ हा शब्द नावाची जागा अडवून उभा आहे. मधल्या विशेषणाला मात्र काहीच मिळत नाही. जुन्या पत्रांत `My dear Sir,` असा मायना असे, आणि त्यात एम मोठा, एस मोठा, पण मधला डी लहान. यावरून एक गोष्ट लखलखीत दिसते. एरवी ज्या डीला आपण पत्राच्या डोक्यावर मोठ्या थाटात बसलेला पाहतो, त्याचा तो थाट प्रेमाचाही नव्हे आणि आदराचाही नव्हे, तो निव्वळ जागेचा आहे. पुढे एक शब्द येऊन बसला की त्याचा थाट उतरतो.

`all` हे सर्वनाम आहे. ते कोणाचे नाव नाही, पद नाही, नावाच्या जागी उभे केलेले नामही नाही. वाक्यात आपण ते कधी मोठ्या अक्षराने लिहीत नाही, ‘मी सर्वांना कळविले आहे’ हे इंग्रजीत लिहिताना कोणाचाही हात शिफ्टच्या कळीकडे जात नाही. मग मायन्यात तरी का जावा? म्हणून `Dear all,` हेच रीतसर. हीच रीत पत्राच्या तळाशीही चालते, आणि तेथे तर आपण सारेच चुकतो. `Yours faithfully,` यात पहिल्या शब्दालाच मोठे अक्षर आहे, दुसऱ्याला नाही. आमच्या कार्यालयात येणाऱ्या दहा अर्जांपैकी नऊ अर्जांत दुसऱ्या शब्दाचा एफही मोठाच असतो, जणू निष्ठा लहान अक्षराने व्यक्त केली तर अर्ज फेटाळला जाईल.

`team` चे प्रकरण जरा वेगळे आहे. ते नाम आहे, सर्वनाम नव्हे. म्हणून तेथे दोन्ही बाजूंना थोडे बळ आहे. `Dear team,` लिहिणारा म्हणतो की हे सामान्यनाम आहे, त्याला मोठे अक्षर कशाला? `Dear Team,` लिहिणारा म्हणतो की मी येथे त्याला नावासारखे हाकारतो आहे, जसे ‘सर’ला हाकारतात. दोघेही आपापल्या जागी शुद्ध आहेत, आणि एका कार्यालयाने एक पद्धत धरून ती सोडू नये, एवढेच पुरे. मात्र गटाला स्वतःचे नाव असेल तर वाद मिटतो. आमच्या लेखा विभागाच्या दारावर जी पाटी आहे तिच्यावरचे नाव जसेच्या तसे मायन्यात आले, तर `Dear Accounts Team,` यातील तिन्ही शब्द मोठ्या अक्षरानेच सुरू होतात. मी नव्या मुलांना एक साधी कसोटी सांगते. तो शब्द मायन्यातून उचलून मजकुराच्या मधोमध एखाद्या वाक्यात ठेवून पाहा. तेथेही तुम्हांला तो मोठाच लिहावासा वाटला, तर मायन्यात तो निःशंक मोठा लिहा. तेथे तो लहान झाला, तर मायन्यात मोठा करण्यासाठी तुमच्याकडे ‘हाक मारतो आहे’ याखेरीज कारण नाही. आणि हाक सर्वनामाला मारता येते का, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

हे सारे मी सरांना लिहिले नाही.

लिहिले नाही, याला एक कारण त्यांची करंगळी. सर आमच्या कार्यालयात टंकलेखक म्हणून लागले तेव्हा तेथे टंकयंत्रे होती. त्यांतले एक अजून अभिलेखाच्या खोलीत खोके ठेवायच्या फळीखाली आहे, आणि एकदा सरांनी मला त्यावर बोटे ठेवायला लावली होती. लहान अक्षराला एक बोट पुरते. मोठ्या अक्षरासाठी मात्र करंगळीने शिफ्टची कळ तळापर्यंत दाबून धरावी लागते, तेव्हा यंत्राचा एक जडसा भाग जागेवरून हलतो आणि खिळ्यावर कोरलेल्या दोन अक्षरांपैकी वरचे अक्षर कागदासमोर येते. ते वजन करंगळीला कळते. अर्धवट दाबली तर अक्षर ओळीच्या वर-खाली उमटते, त्याचे डोके कापले जाते किंवा पाय तरंगतात. दिवसाला तीस-चाळीस पत्रे टंकणाऱ्या माणसासाठी मोठे अक्षर म्हणजे मोजून केलेले श्रम असत. ज्याच्यासाठी श्रम घेतले त्याला मान दिला, असे हिशेब हातांत बसतात आणि मग ते काढून टाकता येत नाहीत. सरांची उजवी करंगळी अजूनही किंचित बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. संगणकाच्या कळफलकावर तीच कळ पिसासारखी हलकी झाली आहे, आणि फोनवर तर मोठे अक्षर न मागता येते.

दुसरे कारण अधिक जुने आहे आणि ते आमच्याच घरातले आहे. माझे आजोबा लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या सरकारी शाळेत शिकलेले. घरात बोलणे कोंकणीत, पोथी आणि पत्रव्यवहार मराठीत, आणि सरकारदरबारचे सारे पोर्तुगीजमध्ये. त्यांच्या पेटीत अर्जांच्या नकला होत्या, निळसर पातळ कागदावर कोरून लिहिलेल्या. वरती ‘एक्सेलेंतीसिमु सेन्योर’ हे दोन्ही शब्द संक्षेपाने, पण दोन्हींची पहिली अक्षरे इतकी फुगवून काढलेली की जणू शब्दांपेक्षा ती आधी सलाम करीत आहेत. मजकुरात जेथे जेथे त्या अधिकाऱ्याला ‘आपण’ म्हणायचे तेथे ‘व्होसा एक्सेलेंसिया’, आणि तेथेही दोन्ही अक्षरे मोठीच. पोर्तुगीज लेखनात आदरासाठी मोठे अक्षर वापरण्याची रीतच आहे, तेथे मोठेपण व्याकरणाने नव्हे, समोरच्या माणसाने ठरते. आजोबांना मी विचारले होते की हा अक्षराचा पतंग एवढा का फुगवला. ते म्हणाले, ‘बाय, लहान काडलें जाल्यार कागद परत येता.’ अक्षर लहान काढले तर कागद परत येतो. तो खरोखर परत येत असे की नाही, हे मी तेव्हा विचारले नाही. गोव्यातील कितीतरी घरांत ही भीती तीन पिढ्या मागे सापडेल. इंग्रजी नंतर आले, आणि आम्ही त्याच्या अंगावर पोर्तुगीजांचा झगा चढविला.

त्याच पेटीत मराठी कागदही होते. देवस्थानच्या महाजनांना पाठविलेली बोलावणी होती, म्हणजे आजच्या भाषेत गटाला उद्देशून लिहिलेली पत्रेच. त्यांच्या माथ्यावर ‘श्री’, खाली ‘समस्त महाजन मंडळींस सा. न. वि. वि.’ आणि मग विषय. या एका ओळीत मान पुरेपूर आहे. साष्टांग नमस्कार आहे, विनंती आहे, आणि ‘समस्त’ म्हणताना कोणी वगळला जात नाही. तरीही तेथे कोणतेही अक्षर दुसऱ्यापेक्षा मोठे नाही. देवनागरीत सगळी अक्षरे एकाच शिरोरेषेला टांगलेली असतात, महाजनांचा म आणि मजुराचा म सारखाच. आम्ही मान शब्दांत घालतो, प्रत्ययात घालतो, ‘श्री’ आणि ‘ती.’मध्ये घालतो, अनेकवचनात घालतो. अक्षराच्या उंचीत घालायला आमच्याकडे जागाच नव्हती. म्हणूनच की काय, जेथे ती जागा सापडली तेथे आम्ही अधाशासारखे मोठे अक्षर वापरीत सुटलो, असे मला कधी कधी वाटते.

या महाजनांच्या कागदांवर नजर फिरविताना मला शाळेतले एक वाक्य आठवले. ‘सर्वनामांना संबोधन विभक्ती नसते.’ आठवीत पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि त्याचा कधी उपयोग होईल असे वाटले नव्हते. मुलगा या नामाला हाक मारायची तर ‘मुला’, अनेकांना ‘मुलांनो’. सभासद असतील तर ‘सभासदहो’. पण ‘तो’ला हाक नाही, ‘कोण’ला हाक नाही. बोलताना आपण ‘सर्वांनो, ऐका’ असे म्हणून जातो, आणि ऐकणाराही समजून घेतो, परंतु हात लिहायला बसला की अडखळतो. म्हणूनच इंग्रजी मायन्याचे कोणी सरळ मराठी करून ‘प्रिय सर्व,’ असे लिहिले, की वाचताना दातांखाली खडा येतो. ‘सर्व’ हा शब्द तेथे कोणाकडेच बघत नाही. ‘सर्वांस’ म्हटले की चतुर्थी येते, पत्र देणारा आणि घेणारा उभे राहतात. ‘सहकाऱ्यांनो’ म्हटले की नाम येते आणि हाक खरी होते. इंग्रजीत संबोधनाचा प्रत्यय राहिलेला नाही, त्यामुळे हाक आहे की नाही हे तेथे जागेवरून आणि स्वल्पविरामावरूनच ओळखावे लागते. `all` मोठे का लिहीत नाहीत याचे उत्तर मी इतकी वर्षे इंग्रजी नियमाने देत होते. आठवीतल्या मराठी वाक्याने ते मला अधिक पटले. सर्वनाम कोणाचे नाव घेत नाही, ते नुसता हात फिरविते.

आणि नेमके तेच सरांना बोचले असावे. बेचाळीस जणांवरून एक हात फिरला होता.

आता स्वल्पविराम. आजोबांच्या मोडीतल्या खतावण्यांत तो औषधालाही नाही, तेथे शब्दसुद्धा एकमेकांपासून तोडलेले नसत, वाचणारा आपल्या दमाने थांबे. मराठीत ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली आणि ती रुळविण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. ती आली तेव्हा संबोधनापुढे स्वल्पविराम द्यावा हा नियमही बरोबर आला, आणि आज आपण ‘मुलांनो,’ लिहून तो न चुकता देतो. मराठीत तो थोडासा जादाच आहे म्हणा, कारण ‘नो’ने काम आधीच केलेले असते. इंग्रजीत मात्र हाकेचे ओझे त्याच्यावर आहे, म्हणून तो कोठे बसतो याला महत्त्व आहे.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने, जी माझ्याबरोबर हसली होती तिनेच, महिन्याभराने एक पत्र तयार करून माझ्याकडे आणले. मायना होता `Dear, All` असा. ए मोठा, मध्ये स्वल्पविराम, आणि शेवटी काहीच नाही. मी तिला विचारले की मधला स्वल्पविराम कोठून आला. ती म्हणाली, ‘मॅडम, हाक मारताना नावाच्या आधी कॉमा देतात असे कॉलेजात शिकविले होते.’ तिने शिकलेले खोटे नव्हते. `Hello, all` किंवा `Good morning, all` यांत पहिला भाग हा स्वतंत्र उद्गार आहे, नमस्कार आहे, आणि ज्याला नमस्कार केला तो पुढे वेगळा उभा आहे. तेथे मधला स्वल्पविराम काटेकोरपणे हवाच, जरी `Hi all,` लिहिताना आता जवळपास सगळेच तो गाळतात, कारण एवढ्याशा दोन शब्दांना दोन स्वल्पविराम म्हणजे पोलक्यापेक्षा बटणे जास्त. `Dear` मात्र नमस्कार नाही. ते विशेषण आहे, पुढच्या शब्दाला चिकटलेले. प्रिय आणि सहकारी यांच्या मध्ये आपण थांबत नाही. मध्ये स्वल्पविराम घातला की विशेषणाचे नाम होते, आणि पत्र ‘लाडके, सगळेजण’ असे म्हणू लागते. हे मी मराठीत करून सांगितले तेव्हा ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसली, आणि त्यानंतर तिच्या हातून ती चूक मी पाहिलेली नाही.

शेवटचा स्वल्पविराम का हवा, असे तिने पुढे विचारले. अगदी न दिला तरी चालते, असे मी तिला सांगितले, पण मग तळाच्या `Yours faithfully` पुढेही देऊ नये. माथ्यावर दिला तर तळाशीही द्यावा. टंकलेखनाच्या वर्गांत पत्ता, तारीख, मायना आणि शेवट या सगळ्यांतून चिन्हे काढून टाकण्याची एक पद्धत शिकवीत, एकेक ठोका वाचविण्यासाठी. तीत मायना उघडाच राहतो. अमेरिकेतल्या औपचारिक पत्रांत तर तेथे दोन टिंबे, म्हणजे अपूर्णविराम देतात. आम्ही इंग्रजांकडून घेतले, म्हणून आमचा स्वल्पविराम.

पण खरा गुंता स्वल्पविरामाच्या खालच्या ओळीत आहे, आणि तो मला चवथीच्या त्याच परिपत्रकाने दाखविला. माझ्या ईमेलमध्ये `Dear all,` नंतर एक ओळ मोकळी होती आणि मजकूर `The office` असा मोठ्या टीने सुरू झाला होता. स्वल्पविरामानंतर मोठे अक्षर येत नाही, हे आपण सगळे शिकलेलो आहोत. तरीही येथे ते येते, कारण इंग्रजी पत्रात मायन्याची ओळ वेगळी आणि मजकुराची पहिली ओळ नव्या वाक्याची मानतात. आमच्या शिपायाने तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपच्या गटात टाकला, आणि उचलताना मधली मोकळी ओळ गळून गेली. गटात दिसले ते असे: `Dear all, The office will remain closed`. आता सगळे एका ओळीत आले होते, वाक्य सलग झाले होते, आणि तो मोठा टी मध्येच ठेच लागल्यासारखा उभा होता. एका ओळीत लिहायचे तर तेथे लहान टी हवा. मजकूर कोठून तरी उचलून आणला आहे हे ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही. फोनवर बोटांनी थेट लिहिलेल्या मजकुरात ती चूक सहसा होत नाही, कारण फोन नव्या ओळीवर मोठे अक्षर आपणहून देतो आणि स्वल्पविरामानंतर त्याच ओळीत देत नाही.

माझी भाची जर्मनीत शिकते. तिची घरच्या सगळ्यांना येणारी इंग्रजी पत्रे अलीकडे `Dear all,` लिहून खालच्या ओळीवर लहान अक्षराने सुरू होऊ लागली आहेत. आधी मला वाटले की घाईत लिहिते. चवथीला ती फोनवर होती तेव्हा विचारले. ती म्हणाली, ‘मावशी, इथे तसेच लिहितात. मायन्यानंतर कॉमा दिला म्हणजे वाक्य संपलेले नाही, मग खाली मोठे अक्षर कसे येणार?’ जर्मन माणूस स्वल्पविरामाचा शब्द पाळतो. खालच्या ओळीचा पहिला शब्द नाम असेल किंवा आदरार्थी ‘आपण’ असेल तरच त्याला मोठे अक्षर, नाहीतर लहान. मोठे हवे असेल तर त्यांची जुनी रीत मायन्यानंतर उद्गारचिन्ह देण्याची होती, आणि मग वाक्य तेथे खरोखर संपते. मला हे फार आवडले. इंग्रजी पत्रातला स्वल्पविराम म्हणतो की थांबू नका, आणि खालचे मोठे अक्षर म्हणते की आता नव्याने सुरुवात. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, तरी शतकानुशतके एकाच कागदावर राहतात. आमच्या कार्यालयातही असे दोघे आहेत, पण तो विषय वेगळा.

सरांच्या निवृत्तीचा दिवस मार्चअखेरीस आला. निरोप समारंभाचे बोलावणे अर्थातच माझ्याकडे. मी `Dear` टंकले आणि थांबले. `all` लिहिले असते तर नियमाला धरून झाले असते. मोठ्या एचे लिहिले असते तर सरांना बरे वाटले असते, आणि उद्या त्या मुलीसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहिले असते, हा प्रश्न उरला असता. शेवटी मी सर्वनामच काढून टाकले आणि `Dear Colleagues,` असे लिहिले. नाम आहे, हाक आहे, आणि त्या सीला मोठे करण्याइतकी जागा रीतीतही आहे. पळवाट होती, हे कबूल करते. सर त्यावर काही बोलले नाहीत. कदाचित त्यांच्या लक्षातही आले नसेल, परिपत्रके पाठविणाऱ्याखेरीज कोणाच्या लक्षात काय राहते याचा मला आता अंदाज आहे.

समारंभानंतर दोन दिवसांनी सरांचे एक पत्र मला आले. सर्वांना आभाराचे पत्र पाठवायचे आहे, आधी आपण नजर टाकावी, असे वर लिहिले होते. मायना `Dear All,` असा होता. मोठा ए, आणि नंतर न चुकता स्वल्पविराम. त्याखाली एक ओळ मोकळी, आणि मग सदतीस वर्षांच्या नोकरीचे आभार `thank you` अशा लहान टीने सुरू झालेले. फोनवर लिहिले असते तर तो आपोआप मोठा झाला असता, म्हणजे सरांनी हे घरच्या संगणकावर, एकेक कळ पाहून लिहिले होते. आमच्यासाठी त्यांनी करंगळी दाबली होती आणि स्वतःच्या वाक्यासाठी दाबली नव्हती. मी बराच वेळ ते पडद्यावर तसेच उघडे ठेवले. खाली मांडवीवरून भरतीचा खारट वारा येत होता आणि कोणीतरी कँटीनमधून चहा आणून ठेवला होता, तो गार झाला. एवर मी कर्सर नेला, आणि तेथून काढला. खालचा टी तेवढा मोठा केला आणि पत्र सरांना परत पाठविले.